मंडळाचे खरे उत्पादन आणि दहा प्लॉटची सरासरी

सोयाबीनची पाने गळून शेंगा वाळल्या, की मराठवाड्यात आणि विदर्भात काढणीच्या धांदलीतच आणखी एक काम सुरू होते. कृषी सहाय्यक, तलाठी किंवा ग्रामसेवक आधीच निवडून ठेवलेल्या एखाद्या शेतात येतात. सोबत टेप, दोरी, चार खुंट्या आणि वजनकाटा असतो. शेताच्या नैर्ऋत्य कोपऱ्यापासून किती पावले लांबीकडे आणि किती रुंदीकडे जायचे, हे यादृच्छिक आकड्यांवरून ठरलेले असते. तिथे पहिली खुंटी रोवतात आणि १० मीटर लांब, ५ मीटर रुंद असा आयत आखतात. आयत तिरपा झाला नाही ना, हे पाहण्यासाठी कर्ण मोजतात. तो ११.१८ मीटर भरला पाहिजे. मग तेवढ्याच जागेतले पीक कापायचे, मळायचे, दाणे तोलायचे आणि वजन लिहून घ्यायचे. यालाच पीक कापणी प्रयोग म्हणतात.

या वजनांवर पुढे मोठा व्यवहार उभा राहतो. प्रधानमंत्री पीक विमा योजनेत उत्पादनातल्या घटीची भरपाई एकेका शेतकऱ्याच्या नुकसानीवरून ठरत नाही, ती एका ठरलेल्या भागाच्या सरासरी उत्पादनावरून ठरते. महाराष्ट्रात प्रमुख पिकांसाठी हा भाग बहुधा महसूल मंडळ असतो. एका मंडळात हजारो हेक्टर सोयाबीन असू शकते आणि तिथे साधारण दहा प्रयोग होतात. म्हणजे मंडळाचे उत्पादन ठरते ते पाचशे चौरस मीटर पिकावरून.

संख्याशास्त्राच्या पहिल्या वर्षाला पहिल्याच काही तासांत पॅरामीटर आणि स्टॅटिस्टिक या दोन संज्ञा येतात. विद्यार्थी व्याख्या पाठ करतात आणि पुढच्या प्रकरणात दोन्हींची सरमिसळ करतात. या मंडळात त्या दोन गोष्टी अगदी वेगवेगळ्या उभ्या दिसतात, आणि त्यांच्यातल्या अंतराला रुपयांत किंमत आहे. म्हणून हा फरक इथेच समजून घेऊ.

एक आकडा जो आहे, पण कोणी पाहिलेला नाही

मंडळातल्या सगळ्या सोयाबीनच्या शेतांवर १० बाय ५ मीटरच्या प्लॉटची जाळी टाकली आहे, अशी कल्पना करा. असे लाखो प्लॉट होतील. त्या सगळ्यांचा मिळून जो समूह, त्याला समष्टी म्हणतात आणि त्यातल्या एकूण घटकांची संख्या N ने दाखवतात. यंदाच्या हंगामात या प्रत्येक प्लॉटमध्ये काही किलो सोयाबीन पिकले आहे. सगळ्यांचे वजन केले आणि N ने भागले, तर मंडळाची खरी सरासरी मिळेल. ही खरी सरासरी म्हणजे पॅरामीटर. मराठी पाठ्यपुस्तकांत त्याला प्राचल म्हणतात. सरासरीच्या पॅरामीटरसाठी μ हे ग्रीक अक्षर वापरतात, वाचायचे म्यू.

μ बद्दल दोन गोष्टी नीट लक्षात घ्यायला हव्यात. पहिली, तो एकच आणि ठाम आकडा आहे. पीक उभे राहिले, दाणा भरला, तेव्हाच तो ठरून गेला. कृषी सहाय्यक कोणत्या शेतात गेले, किती प्रयोग झाले, यामुळे तो तसूभरही हलत नाही. दुसरी, तो कोणालाच माहीत नाही आणि माहीत होण्याची शक्यताही नाही, कारण लाखो प्लॉट वेगवेगळे कापून कोणी तोलत नाही.

समष्टी नेमकी कोणती, हे सांगितल्याशिवाय पॅरामीटरला अर्थ येत नाही. कोणते मंडळ, कोणता हंगाम, कोणते पीक, दाणे ओले की वाळवलेले, एकक कोणते, हे सगळे ठरले की μ ठरतो. यांतले एक जरी बदलले तरी पॅरामीटर वेगळा होतो. शेजारच्या मंडळाचा μ वेगळा आणि याच मंडळाचा मागच्या वर्षीचा μ ही वेगळा.

आता दहा प्रयोगांकडे येऊ. दहा प्लॉट हा नमुना झाला आणि नमुन्यातल्या घटकांची संख्या n ने दाखवतात. इथे n = १०. या दहा प्लॉटच्या वजनांवरून काढलेला कोणताही आकडा, मग ती सरासरी असो, मध्यक असो किंवा सर्वांत मोठे वजन असो, स्टॅटिस्टिक म्हणायचा. नमुन्याच्या सरासरीसाठी x̄ लिहितात आणि एक्स-बार वाचतात. हा आकडा आपल्या हातात असतो, कागदावर मांडता येतो. पण दहा प्लॉट दुसरे निवडले असते, तर तो दुसराच आला असता.

पॅरामीटर आणि स्टॅटिस्टिक या दोन्ही संज्ञा आजच्या अर्थाने रूढ करण्याचे श्रेय रोनाल्ड फिशर यांच्या १९२२ सालच्या निबंधाला जाते. नमुन्यातून काढलेली किंमत आणि समष्टीची खरी किंमत या दोन्हींसाठी एकच नाव वापरले की विचारांचा गोंधळ होतो, ही त्यांची तक्रार होती. शंभर वर्षांनंतरही परीक्षेच्या उत्तरपत्रिकांत तोच गोंधळ दिसतो.

सहा शेतांचे छोटे मंडळ

फरक डोळ्यांनी पाहायचा, तर समष्टी इतकी लहान घ्यावी लागेल की तिचा पॅरामीटर आपल्याला ठाऊक असेल. समजा, एका मंडळात फक्त सहा प्लॉट आहेत आणि त्यांतले सोयाबीन किलोमध्ये असे आहे: २, ३, ५, ५, ७, ८. बेरीज ३०, म्हणून μ = ३० ÷ ६ = ५ किलो. प्लॉट ५० चौरस मीटरचा, म्हणजे हेक्टरचा दोनशेवा भाग. त्यामुळे किलोची दुप्पट केली की हेक्टरी क्विंटल मिळतात. ५ किलो म्हणजे हेक्टरी १० क्विंटल.

हा ५ आपल्याला माहीत आहे, पण मोजणाऱ्याला माहीत नाही असे धरू. त्याला दोनच प्लॉट कापता येतात. सहांतून दोन निवडण्याचे १५ प्रकार आहेत. त्याला २ आणि ३ किलोचे प्लॉट मिळाले, तर x̄ = २.५. त्याला ७ आणि ८ चे मिळाले, तर x̄ = ७.५. पंधराही सरासऱ्या काढून पाहा: २.५, ३.५, ३.५, ४, ४, ४.५, ५, ५, ५, ५.५, ६, ६, ६.५, ६.५, ७.५.

या यादीत तीन गोष्टी दिसतात. समष्टी एकच, पॅरामीटरही एकच, पण स्टॅटिस्टिकच्या किमती अनेक. पंधरांपैकी फक्त तीन नमुन्यांत x̄ नेमका ५ आला. बाकी बारा वेळा मोजणाऱ्याने एकही चूक केलेली नाही, दोरी सरळ आहे, काटा बरोबर आहे, तरीही त्याचा आकडा μ पेक्षा वेगळा आहे. नमुन्यामुळे पडणाऱ्या या फरकाला नमुनात्रुटी म्हणतात. इथे त्रुटी म्हणजे कोणाचा हलगर्जीपणा नव्हे. सगळे न मोजता थोडे मोजले, त्याचा तो अटळ परिणाम आहे.

दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची. पंधरा सरासऱ्यांची बेरीज ७५ येते आणि ७५ ÷ १५ = ५. म्हणजे x̄ एकेका वेळी चुकतो, पण सगळ्या शक्य नमुन्यांचा विचार केला तर तो बरोबर μ भोवतीच फिरतो, वरच्या किंवा खालच्या बाजूला झुकत नाही. अशा स्टॅटिस्टिकला अनभिनत म्हणतात. हे घडते कारण प्रत्येक जोडीला निवडले जाण्याची सारखीच संधी होती. सहाय्यकाने रस्त्यालगतचे, जायला सोपे प्लॉटच घेतले असते, तर ही हमी उरली नसती.

तिसरी गोष्ट नमुन्याच्या आकाराची. दोनऐवजी चार प्लॉट कापले तर x̄ सर्वांत कमी ३.७५ आणि सर्वांत जास्त ६.२५ येतो. आधी हा पसारा २.५ ते ७.५ होता. नमुना वाढला की स्टॅटिस्टिकचे फिरणे कमी होते. पॅरामीटर मात्र तेव्हाही ५ होता आणि आताही ५ आहे. आपल्यासमोरचा आकडा पॅरामीटर की स्टॅटिस्टिक, हे ओळखण्याची खूण यातच आहे. दुसऱ्या कोणी दुसरा नमुना घेतला असता तर हा आकडा बदलला असता का, असे विचारायचे. उत्तर हो असेल तर ते स्टॅटिस्टिक.

अक्षरांची शिस्त

चिन्हांचा साधा नियम असा, की समष्टीच्या किमतींना ग्रीक अक्षरे आणि नमुन्याच्या किमतींना रोमन अक्षरे. सरासरीसाठी μ आणि x̄. प्रमाण विचलनासाठी, म्हणजे आकडे सरासरीपासून किती पसरले आहेत त्याच्या मापासाठी, σ (सिग्मा) आणि s. प्रमाणासाठी, म्हणजे शंभरातल्या किंवा एकातल्या वाट्यासाठी, समष्टीत P आणि नमुन्यात p̂, वाचायचे पी-हॅट. काही पुस्तके P ऐवजी π लिहितात, तिथे वर्तुळाच्या ३.१४ चा काही संबंध नसतो. दहा प्रयोगांच्या शेतांपैकी तीन शेतांत पावसाने शेंगा कुजल्या असतील, तर p̂ = ०.३. मंडळातल्या सगळ्या शेतांपैकी किती वाट्यात शेंगा कुजल्या, तो P.

अक्षरावरची टोपी अंदाजाची खूण आहे. P चा अंदाज p̂, μ चा अंदाज μ̂. x̄ हा μ चा अंदाज म्हणून वापरला, तर μ̂ = x̄ असे लिहिता येते. पण μ = x̄ असे कधीही लिहू नये. पहिल्या वाक्यात आपण अंदाज कसा केला ते सांगतो. दुसऱ्यात न पाहिलेला आकडा पाहिल्याचा दावा करतो.

कॉलेजात गोंधळ उडवणारी आणखी एक जोडी म्हणजे मोठा X̄ आणि लहान x̄. नमुना काढण्याआधी सरासरी काय येईल हे ठाऊक नसते, ती पंधरांपैकी कोणतीही असू शकते. तेव्हा ती यादृच्छिक चल असते आणि तिच्यासाठी X̄ लिहितात. नमुना हातात आला, हिशेब झाला, ६.५ आले, की तो ठाम आकडा x̄. म्हणून ‘X̄ चे वितरण’ म्हणता येते, पण ६.५ चे वितरण म्हणता येत नाही.

सर्वेक्षणाच्या पुस्तकांत मात्र वेगळी रीत सापडते. तिथे समष्टीसाठी मोठी अक्षरे आणि नमुन्यासाठी लहान, उदाहरणार्थ Ȳ आणि ȳ. तिथला Ȳ म्हणजे आपला μ, तो यादृच्छिक नाही. म्हणून पुस्तक उघडल्यावर आधी त्यातल्या चिन्हांची ओळख करून घ्यावी. अक्षर कोणतेही असो, ते समष्टीचे की नमुन्याचे, हे कळणे मुख्य.

s च्या सूत्रात n ऐवजी n − १ ने का भागतात, हा प्रश्न प्रत्येक वर्गात येतो. त्याचे उत्तरही आपल्या सहा प्लॉटांत आहे. सहाही वजनांचे ५ पासूनचे फरक −३, −२, ०, ०, २, ३ आहेत आणि त्यांच्या वर्गांची बेरीज २६. सहाने भागले तर σ² = ४.३३. आता पंधराही नमुन्यांत वर्गांच्या बेरजेला n ने, म्हणजे २ ने भागून प्रचरण काढले, तर त्या पंधरा उत्तरांची सरासरी २.६ येते. खऱ्या ४.३३ पेक्षा ती फारच कमी आहे. कारण फरक मोजताना आपल्याजवळ μ नसतो, आपण x̄ पासून मोजतो, आणि x̄ त्याच नमुन्यातून आलेला असल्याने त्याच्या आकड्यांना नेहमीच अधिक जवळ असतो. n − १ ने, म्हणजे १ ने भागले, तर पंधरा उत्तरांची सरासरी ५.२ येते.

४.३३ च्या जागी ५.२ कसे, असे विचारणारा विद्यार्थी बरोबर विचारतो. २६ ला ६ ऐवजी ५ ने भागले की ५.२ मिळतात. एकदा घेतलेला प्लॉट पुन्हा घ्यायचा नाही, अशा निवडीत s² हा नेमका या N − १ ने भागलेल्या किमतीचा अनभिनत अंदाज असतो. सर्वेक्षणाच्या पुस्तकांत तिला S² म्हणतात. समष्टीत लाखो प्लॉट असले, तर N ने भागा की N − १ ने, उत्तरात फरक पडत नाही, म्हणून सुरुवातीच्या पुस्तकांत या बारकाव्यात कोणी जात नाही.

दहा प्रयोग, एक भरपाई

आता खऱ्या आकाराच्या मंडळाकडे. आकडे उदाहरणापुरते घेतले आहेत, रीत खरी आहे. दहा प्लॉटची वाळलेल्या दाण्यांची वजने किलोमध्ये अशी आली: ४.२, ५.१, ३.६, ६.०, ४.८, २.९, ५.५, ४.४, ३.९, ४.६. बेरीज ४५, म्हणून x̄ = ४.५ किलो, म्हणजे हेक्टरी ९ क्विंटल. x̄ पासूनच्या फरकांच्या वर्गांची बेरीज ७.५४, तिला ९ ने भागून वर्गमूळ काढले तर s सुमारे ०.९२ किलो.

योजनेचे सूत्र असे: उंबरठा उत्पादनातून यंदाचे सरासरी उत्पादन वजा करायचे, उरलेल्याला उंबरठा उत्पादनाने भागायचे आणि विमा संरक्षित रकमेने गुणायचे. उंबरठा उत्पादन म्हणजे मागच्या सात वर्षांतल्या सर्वांत चांगल्या पाच वर्षांची सरासरी, तिला जोखीमस्तराच्या टक्क्यांनी गुणून मिळणारा आकडा. समजा, ते हेक्टरी १० क्विंटल आहे आणि विमा संरक्षित रक्कम हेक्टरी ५०,००० रुपये. मग घट (१० − ९) ÷ १० = ०.१ आणि भरपाई हेक्टरी ५,००० रुपये.

या सूत्रात ‘यंदाचे सरासरी उत्पादन’ या जागी न्यायाने μ बसायला हवा. विमा मंडळाच्या खऱ्या उत्पादनाचा काढलेला आहे. पण μ उपलब्ध नसतो, म्हणून तिथे x̄ घातला जातो. समजा, खरा μ हेक्टरी ९.५ क्विंटल असता, तर भरपाई २,५०० व्हायला हवी होती. तो ८.५ असता, तर ७,५००. अर्ध्या क्विंटलच्या फरकाने हेक्टरी अडीच हजार रुपये इकडचे तिकडे होतात. आणि सूत्रातले उंबरठा उत्पादन हाही पॅरामीटर नाही, तो मागच्या वर्षांच्या x̄ वरून काढलेला आहे. म्हणजे सूत्रात वरही स्टॅटिस्टिक आणि खालीही स्टॅटिस्टिक.

x̄ हा μ पासून साधारण किती दूर असू शकतो, याचा अंदाजही त्याच दहा आकड्यांतून निघतो. s ला √n ने भागायचे. ०.९२ ÷ ३.१६ म्हणजे सुमारे ०.२९ किलो, हेक्टरी ०.५८ क्विंटल. याला प्रमाण त्रुटी म्हणतात. नमुना लहान आहे म्हणून टी-कोष्टकातून ९ या मुक्ततामात्रेसाठी २.२६ घेऊन गुणले, तर १.३ क्विंटल येतात. म्हणून ९५ टक्के विश्वासाचा पट्टा हेक्टरी ७.७ ते १०.३ क्विंटल.

या पट्ट्याचा अर्थ सांगतानाच बहुतेकांची गल्लत होते. ‘μ हा ७.७ ते १०.३ मध्ये असण्याची शक्यता ९५ टक्के आहे’ असे लिहिले जाते. पण μ फिरत नाही, तो या पट्ट्यात आहे किंवा नाही. फिरतो तो नमुना, आणि नमुन्याबरोबर पट्टा. अशा रीतीने पुन्हा पुन्हा नमुने काढून पट्टे बांधत गेलो, तर शंभरांतल्या सुमारे ९५ पट्ट्यांत μ सापडेल, इतकेच म्हणता येते. ९५ टक्के हा गुण रीतीचा आहे, या एका पट्ट्याचा नव्हे.

दुसरी गल्लत परीकल्पना मांडताना होते. मंडळाचे उत्पादन उंबरठ्याइतके आहे का, हे तपासायचे तर H₀: μ = १० असे लिहायचे. H₀: x̄ = १० लिहिणे चूक आहे. x̄ तर ९ आहे, ते समोर दिसतेच, त्याची परीक्षा कशाला घ्यायची? परीकल्पना नेहमी पॅरामीटरबद्दल असते आणि पुरावा स्टॅटिस्टिकचा. आपल्या उदाहरणात १० हा आकडा पट्ट्याच्या आत येतो. म्हणजे मंडळाचे खरे उत्पादन उंबरठ्याच्या खालीच गेले, असे या दहा प्रयोगांवरून ठामपणे म्हणता येत नाही. पण योजनेला भरपाईसाठी एकच आकडा हवा असतो. तो ९ धरला जातो आणि पैसे वाटले जातात.

नमुना वाढवून न सुटणारी चूक

नमुनात्रुटी प्रयोग वाढवले की घटते. प्रयोग चौपट केले तर प्रमाण त्रुटी निम्मी होते. पण एक चूक अशी आहे की ती हजार प्रयोगांनीही जात नाही. तिचा छडा लावण्यात एका मराठी माणसाचा मोठा वाटा आहे.

पांडुरंग वासुदेव सुखात्मे यांचा जन्म १९११ साली सातारा जिल्ह्यातल्या बुध गावी झाला. पुण्याच्या फर्ग्युसन कॉलेजात शिकून ते लंडनला गेले आणि तिथे संख्याशास्त्रात डॉक्टरेट मिळवून परतले. कृषी संशोधन परिषदेत काम करताना त्यांनी वि. गो. पानसे यांच्यासोबत पीक कापणीच्या यादृच्छिक सर्वेक्षणांची घडी बसवली. त्या काळी उत्पादनाचा अंदाज बहुतांशी नजरेने, आणेवारीने होत असे. त्याच सुमारास बंगालमध्ये प्रशांतचंद्र महालनोबिस यांनी मोठी सर्वेक्षणे चालवली होती आणि त्यांत लहान आकाराचे प्लॉट वापरले जात. लहान प्लॉट लवकर कापून होतो, त्यामुळे त्याच खर्चात अधिक प्लॉट घेता येतात. केवळ नमुनात्रुटीचा विचार केला तर हे फायद्याचे दिसते.

सुखात्मे यांनी १९४६ साली ‘नेचर’ नियतकालिकात दाखवले की फार लहान प्लॉट उत्पादन फुगवून दाखवतात. कारण जमिनीवर आहे. दोरीच्या बरोबर रेषेवर उभे असलेले झाड आतले की बाहेरचे, हा निर्णय कापणाऱ्याला घ्यावा लागतो आणि त्याचा कल ते आत धरण्याकडे असतो. समजा, चारही बाजूंनी ५ सेंटिमीटरची पट्टी जास्त कापली गेली. १० बाय ५ चा प्लॉट १०.१ बाय ५.१ होतो, क्षेत्र ५१.५१ चौरस मीटर, म्हणजे ३ टक्के वाढ. तीच चूक १ बाय १ मीटरच्या प्लॉटला झाली, तर तो १.१ बाय १.१ होतो आणि वाढ थेट २१ टक्के.

आता ही चूक प्रत्येक प्लॉटला एकाच दिशेने होते, म्हणून ती सरासरीत विरून जात नाही. प्रयोग वाढवत जा, x̄ एका आकड्यापाशी अधिकाधिक स्थिर होत जाईल, पण तो आकडा μ नसेल. अशा एकतर्फी चुकीला अभिनती म्हणतात. तिचा धोका हा की ती दहा वजनांत कुठेच दिसत नाही. s लहान येतो, प्रमाण त्रुटी लहान येते, पट्टा अरुंद येतो, आणि सगळेच चुकीच्या जागी असते. ती पकडायची तर बाहेरचे काहीतरी लागते, जसे मोठ्या प्लॉटशी किंवा पूर्ण शेताच्या काढणीशी ताडून पाहणे. म्हणूनच खुंट्या, दोरी आणि ११.१८ चा कर्ण यांना इतके महत्त्व आहे.

तक्रार कोणत्या अंतराची?

विम्याची रक्कम जमा झाली की गावोगाव एक वाक्य ऐकू येते: माझे तर सगळे गेले आणि मला एवढेच? या तक्रारीत तीन वेगवेगळी अंतरे मिसळलेली असू शकतात.

एक, माझ्या शेताचे उत्पादन आणि मंडळाचा μ यांतले अंतर. सहा प्लॉटांच्या मंडळात २ किलोवाल्याचे नुकसान मोठे आहे, पण μ ५ आहे. मंडळातला प्रत्येक दाणा मोजला असता तरी हे अंतर राहिले असते. ते नमुन्याचे नव्हे, मंडळ हे एकक धरण्याच्या धोरणाचे आहे. त्यावर उपाय म्हणजे एकक लहान करणे, मंडळाऐवजी गाव.

दोन, μ आणि x̄ यांतले यादृच्छिक अंतर. हे कोणाच्या चुकीने पडत नाही आणि कधी शेतकऱ्याच्या बाजूने, कधी विमा कंपनीच्या बाजूने जाते. त्यावर उपाय प्रयोगांची संख्या वाढवणे. इथे पेच असा, की एकक लहान केले तर त्याच मनुष्यबळात प्रत्येक एककाच्या वाट्याला प्रयोग कमी येतात. पहिले अंतर घटवायला जावे, तर दुसरे वाढते.

तीन, अभिनती. ठरलेले शेत सोडून सोयीचे शेत घेतले, आयत नीट आखला नाही, ओल्या दाण्यांचे वजन वाळल्याचे म्हणून लिहिले, तर हे अंतर पडते. ते एकतर्फी असते आणि त्याला जबाबदार माणसे असतात. प्रयोगाच्या वेळी शेतात हजर राहून, कर्ण मोजून घेऊन, वजन स्वतः पाहून शेतकऱ्याला ते थांबवता येते.

हे तीन प्रश्न वेगळे करता येतात, ते μ आणि x̄ ही दोन अक्षरे वेगळी ठेवल्यामुळेच. वर्तमानपत्रातल्या आकड्यांनाही हीच कसोटी लावता येते. २०११ च्या जनगणनेनुसार महाराष्ट्राची लोकसंख्या ११,२३,७४,३३३. इथे प्रत्येकाला मोजण्याचा प्रयत्न होता, म्हणून हा आकडा पॅरामीटर म्हणून दिला जातो, जरी मोजणीत काही माणसे सुटत असली तरी. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार देशाचा एकूण जननदर २.०. तो निवडलेल्या कुटुंबांवरून काढला आहे, म्हणून स्टॅटिस्टिक, आणि त्याच्यासोबत प्रमाण त्रुटी विचारलीच पाहिजे.

पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्यांनी एवढी सवय लावून घ्यावी. उदाहरण सोडवायला घेताना पहिल्या ओळीत समष्टी कोणती ते शब्दांत लिहा, दुसऱ्या ओळीत पॅरामीटर कोणता ते ग्रीक अक्षरात, आणि तिसऱ्या ओळीत नमुन्यातून आलेला आकडा कोणता ते रोमन अक्षरात. या तीन ओळी बरोबर असतील तर पुढचे सूत्र निवडणे सोपे जाते. त्या चुकल्या असतील, तर पुढचा हिशेब कितीही अचूक असला तरी त्याचे उत्तर विचारलेल्या प्रश्नाचे नसते.